किलोपास्कल, बार की सेंटिमीटर? टेन्शिओमीटरच्या आकड्यावरून मुळांपुढचं पाणी कसं काढायचं

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी गोडी बहार छाटणीनंतर, डोळे नुकते फुगायला लागले असताना, मी टेन्शिओमीटर बसवला, म्हणजे माती पाणी किती घट्ट धरून बसलीय ते मोजून मोबाईलवर आकडा दाखवणारा मीटर. चौथ्या दिवशी आकडा आला ३४०. वाचलं होतं की काळ्या जमिनीत साठाच्या आसपास पाणी द्यावं. इथे तर ३४०! रात्रीची लाईट होती, मी ड्रीप सुरू केलं आणि पहाटेपर्यंत चालू ठेवलं.

सकाळी शेजारचे अप्पा बांधावरून आले, ओळीत वाकून मूठभर माती उचलली आणि दाबली. चेंडूसारखा गोळा झाला. म्हणाले, "अरे, ही तर कालही वाफशात होती. पाणी कुणाला पाजलंस?"

आकडा सेंटिमीटरमध्ये होता. ३४० सेंटिमीटर पाणी म्हणजे ३३ किलोपास्कल, म्हणजे बरोबर वाफसा. त्यानंतर आठवडाभर जमीन आंबल्यासारखी राहिली आणि फुटी पिवळट निघाल्या. नव्याने मीटर घेणाऱ्याने ही चूक करू नये म्हणून मी वहीत जे मांडत गेलो, ते इथे क्रमाने देतो.

## काय काय जवळ लागेल

- माती परीक्षणाचा रिपोर्ट, ज्यात ०.३३ बार आणि १५ बारला मातीत किती ओल धरते ते दिलेलं असेल. नेहमीच्या खतांच्या रिपोर्टमध्ये हे नसतं, वेगळं सांगून करून घ्यावं लागतं.
- टेन्शिओमीटर, आणि तो कोणत्या एककात वाचतो याची खात्री.
- मातीचा नमुना न विस्कटता काढायची लोखंडी रिंग आणि ग्रॅममध्ये मोजणारा काटा.
- टेप, बादली, मापाचं भांडं, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर.

## १. आधी तिन्ही एककं एका रांगेत आणा

माती पाणी धरून ठेवते आणि मूळ ते ओढतं. किती जोराने ओढावं लागेल, तो जोर म्हणजे हा आकडा. शास्त्रात तो ऋण लिहितात, म्हणजे −३३ किलोपास्कल. मीटरवर मात्र नुसता ३३ दिसतो, कारण तिथे त्याला ताण म्हणून मोजलेलं असतं. दोन्ही एकच. उणे चिन्ह असलेल्या तक्त्यात −६० हे −३३ पेक्षा 'लहान' असलं तरी माती जास्त कोरडी, एवढं ध्यानात ठेवा.

आपल्याला मोटरचं हेड कळतं, तिथूनच सुरुवात करू. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण एक बार. नेमकं सांगायचं तर १ बार = १०० किलोपास्कल = १,०२० सेंटिमीटर पाणी. म्हणून १ किलोपास्कल म्हणजे १०.२ सेंटिमीटर, जवळपास चार इंच. सेंटिबार आणि किलोपास्कल हे एकच आहे, नाव फक्त वेगळं.

| किलोपास्कल | बार | सेंमी पाणी | जमिनीची अवस्था |
|---|---|---|---|
| १० | ०.१० | १०२ | हलक्या, वाळूसर जमिनीचा वाफसा |
| ३३ | ०.३३ | ३३७ | मध्यम-भारी जमिनीचा वाफसा |
| ८० | ०.८० | ८१६ | टेन्शिओमीटरची हद्द |
| १०० | १.०० | १,०२० | |
| १,५०० | १५ | १५,३०० | झाड कायमचं कोमेजतं |

सेंटिमीटरचे किलोपास्कल करायचे तर १०.२ ने भागा. घाईत दहाने भागलं तरी दोन टक्क्यांचाच फरक पडतो, शेतात तो चालतो. काही मीटर हेक्टोपास्कल किंवा मिलिबार दाखवतात. तो आकडा सेंटिमीटरच्या इतका जवळ असतो (१ हेक्टोपास्कल = १.०२ सेंमी) की दहाने भागून मोकळं व्हावं. ड्रीपच्या फिल्टरवरच्या घड्याळात किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतं. ते ९८ किलोपास्कल भरतं, बारपेक्षा किंचित कमी.

आकडा कोणत्या एककात आहे हेच कळत नसेल, तर ओळखायची एक सोपी खूण आहे आणि ती पुढच्या पायरीत येते.

## २. मीटरची हद्द ओळखा

विहिरीवर वर बसवलेली मोटर वीस-पंचवीस फुटांच्या खालून पाणी उचलत नाही, हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं. सक्शन लांबलं की मोटर हवा घेते. कारण मोटर पाणी 'ओढत' नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि हवेकडे ढकलायला तेवढाच जोर असतो.

टेन्शिओमीटर म्हणजे तीच गोष्ट, छोट्या नळीत. खाली सच्छिद्र मातीचा कप, वर पाण्याने भरलेली नळी, आणि तिला लावलेलं घड्याळ. कोरडी माती कपातून पाणी खेचते, नळीत पोकळी तयार होते, काटा चढतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो. नाशिक सुमारे ५८० मीटर उंचावर, त्यामुळे आपल्याकडे तो साधारण ९४-९५ भरतो. म्हणून मीटरबरोबरच्या कागदावर ८५ पर्यंत चालतो असं लिहिलेलं असलं, तरी आपण ७५ च्या पुढच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. त्यापुढे नळीत बुडबुडे सुटतात आणि काटा एकदम खाली येतो. नवखा माणूस म्हणतो, जमीन ओली झाली. खरं तर मीटरने हवा घेतलेली असते.

आता ती खूण. पाण्याच्या नळीवर चालणारा कोणताही टेन्शिओमीटर शंभराच्या वर किलोपास्कल दाखवूच शकत नाही. माझ्या मोबाईलवरचे ३४० किलोपास्कल नाहीत, हे मला तिथेच कळायला हवं होतं. जिप्समच्या ठोकळ्याचे किंवा दाणेदार भरावाचे विजेवर चालणारे सेन्सर असतात, ते दोनशे किंवा त्याच्याही पुढे जातात. त्यांना ही खूण लागू नाही.

## ३. काट्यावरचा आकडा दुरुस्त करा

कप जमिनीत ३० सेंटिमीटरवर, घड्याळ जमिनीच्या १५ सेंटिमीटर वर. मधल्या ४५ सेंटिमीटर पाण्याचं वजनही घड्याळाला लटकलेलं असतं. ते ४.४ किलोपास्कल होतं. म्हणजे काटा ६४ दाखवत असेल तर कपाजवळची माती ६० च्या आसपास ओढते आहे. साठाच्या पुढे चारचा फरक काही फार नाही. पण हलक्या जमिनीत १२ दिसताना खरे ८ असतील, तर तिथे निर्णयच बदलतो.

काही घड्याळांत ही वजावट कारखान्यातच करून ठेवलेली असते. ती आहे की नाही हे पाहायला नळी पाण्याने पूर्ण भरा, मीटर उभा धरा आणि नुसता कप बादलीतल्या पाण्यात बुडेल असा ठेवा. काटा शून्यावर थांबला तर वजावट झालेली आहे. चार-पाचवर थांबला तर जो दिसेल तो आकडा दर वेळी वजा करायचा. कपालाच दाबाचा सेन्सर असलेल्या मीटरला हे काही करावं लागत नाही.

नळी भरताना उकळून गार केलेलं पाणी वापरा, त्यात विरघळलेली हवा कमी असते. कप आदल्या रात्रीपासून पाण्यात भिजत ठेवा. बसवताना त्याच खड्ड्यातली माती कालवून चिखल करा आणि कप त्यात दाबा. कपाभोवती बोटभर जरी पोकळी राहिली तर काटा आठवडाभर दहा-बारावर बसून राहील, आणि पाणी दिलं तरी हलणार नाही. चांगल्या बसलेल्या मीटरचा काटा पाणी दिल्यावर काही तासांत खाली येतो. तो येत नसेल तर मीटर काढून पुन्हा बसवा.

## ४. रिपोर्टमधले टक्के वजनाचे आहेत, जागेचे नाहीत

माझ्या प्लॉटच्या रिपोर्टमध्ये दोन ओळी होत्या: ०.३३ बारला ३२ टक्के, १५ बारला १८ टक्के. वजा केले तर १४. मी लगेच १४ टक्के पाणी धरून बसलो. पण हे वजनाचे टक्के आहेत, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या मातीत किती ग्रॅम पाणी. ड्रीपसाठी आपल्याला जागेचे टक्के लागतात: एका घनफुटात किती पाणी बसतं ते. त्यासाठी मातीच्या घनतेने गुणावं लागतं.

घनता काढायला ५ सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची रिंग घ्या. आत ९८ घन सेंटिमीटर जागा होते. ती मातीत सरळ ठोका, दोन्ही बाजू सुरीने तासा आणि माती १०५ अंशावर चोवीस तास वाळवून वजन करा. माझं १२७ ग्रॅम भरलं. भागिले ९८, म्हणजे १.३. काळी माती वाळली की आकसते आणि घनता फुगून येते, म्हणून रिंग वाफशावर असतानाच ठोकावी. उन्हाळ्यात ढेकळातून काढलेली घनता घेऊ नका.

१४ गुणिले १.३ म्हणजे १८.२ टक्के. मुळं मी ४५ सेंटिमीटरपर्यंत धरली: ४५० मिलिमीटरचे १८.२ टक्के म्हणजे ८२ मिलिमीटर.

इथे थांबलात तरी चूक होते, कारण आपल्या बागा बऱ्याचदा मुरमावर आहेत. प्रयोगशाळेत माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून घेतात, खडे फेकून देतात. जमिनीत मात्र ते खडे जागा अडवून बसलेले असतात आणि जवळजवळ पाणी धरत नाहीत. मी ओळीत एक छोटा खड्डा केला, त्यात प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरला आणि मापाने पाणी ओतलं: दहा लिटर बसलं. निघालेली सगळी माती चाळली. उरलेले खडे मापाच्या भांड्यातल्या पाण्यात टाकले तर पाणी एक लिटरने चढलं. म्हणजे दहा टक्के जागा खड्यांची. ८२ चे दहा टक्के गेले, राहिले साधारण ७४ मिलिमीटर. वाफशापासून कोमेजेपर्यंत माझ्या वेलीसमोर ठेवलेलं ताट एवढंच.

## ५. दाबावरून किती ताट संपलं ते काढा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मीटर ६० दाखवतो, कोमेजायला १,५०० लागतात, म्हणजे ६० भागिले १,५००, चार टक्केच पाणी संपलं असं वाटतं. तसं नसतं. माती सैल धरलेलं पाणी आधी देते आणि चिवट धरलेलं शेवटी. सुरुवातीला थोडा ताण वाढला की बरंच पाणी निघून जातं; शेवटी शेकडो किलोपास्कल वाढतात तेव्हा थेंब निघतो.

रिपोर्टमध्ये दोनच बिंदू असतील तर त्यांच्यामध्ये लॉगरिदमची सरळ रेघ धरतात. एक्सेलमध्ये दोन ओळींचं काम आहे. पहिली ओळ मातीचा स्वभाव सांगणारा घातांक काढते, दुसरी ६० किलोपास्कलला किती ओल उरली ते:

```
=LN(1500/33)/LN(32/18)
=32*(60/33)^(-1/6.63)
```

पहिलीचं उत्तर ६.६३, दुसरीचं २९.२. म्हणजे ३२ पासून २.८ टक्के गेले. एकूण ताट १४ चं, त्यातले २.८ म्हणजे २० टक्के. इथे वजनाचेच टक्के ठेवले तरी चालतात, कारण घनता वर आणि खाली दोन्हीकडे सारखीच येते.

साठाच्या जागी दुसरे आकडे घालून पाहिले तेव्हा मला खरा धडा मिळाला. ८० किलोपास्कलला २९ टक्के संपतात, १०० ला ३५ आणि ५०० ला ७७. ५०० पासून १,५०० पर्यंतच्या हजार किलोपास्कलमध्ये फक्त उरलेले २३ टक्के.

खाण्याच्या द्राक्षाला उपलब्ध पाण्यातलं साधारण ३५ टक्के संपेपर्यंत ताण बसत नाही, असं जागतिक अन्न व शेती संघटनेच्या १९९८ च्या पुस्तिकेत दिलं आहे. माझ्या जमिनीत ते १०० किलोपास्कलला येतं, आणि तिथे मीटर कधीच गप्प झालेला असतो. म्हणून भारी जमिनीत मीटर सांगेल तेव्हा पाणी देऊ असं म्हणून ८०-९० ची वाट पाहण्यात अर्थ नाही. मी ६० ला देतो.

हलक्या जमिनीत उलटं आहे. समजा १० किलोपास्कलला १२ टक्के आणि १,५०० ला ४ टक्के धरणारी वाळूसर जमीन आहे. याच रितीने काढलं तर ८० ला निम्म्याहून जास्त, ५५ टक्के पाणी संपलेलं निघतं. एकच ८० चा आकडा, एका प्लॉटमध्ये अजून पोटभर उरलेलं, दुसऱ्यात अर्धं ताट रिकामं. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्या बागेला लावू नये, तो कितीही अनुभवी असला तरी. हलक्या जमिनीसाठी हिशेब करताना सूत्रात ३३ ऐवजी १० घालायला विसरू नका.

ही रेघ अंदाजाची आहे. वाफशापेक्षा ओल्या मातीला ती लावायची नाही. रिपोर्टमध्ये १ बारचा आकडाही असेल तर पडताळून पाहा: माझ्या सूत्राने तिथे २७.१ यायला हवेत. प्रयोगशाळेचा आकडा त्यापासून दोन-तीन टक्क्यांनी लांब असेल तर सूत्र सोडा, आणि प्रत्यक्ष बिंदू जोडून आलेख काढा.

## ६. मिलिमीटरचे लिटर आणि लिटरचे तास

७४ मिलिमीटरचे २० टक्के म्हणजे १४.८ मिलिमीटर भरून काढायचे. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. पण ड्रीप सगळी जमीन भिजवत नाही. माझी लागण ९ बाय ५ फुटांची. वितीभर खाली उकरून पाहिलं तर ओलीचा पट्टा तीन फूट रुंद निघाला. म्हणजे एकरातला एक तृतीयांश भाग, सुमारे १,३५० चौरस मीटर. १४.८ गुणिले १,३५० म्हणजे जवळपास २०,००० लिटर.

एकरी ९६८ वेली, प्रत्येकीला चार लिटरचे दोन ड्रीपर, तासाला ७,७४४ लिटर. म्हणजे अडीच तासांपेक्षा थोडं जास्त, आणि दहा टक्के नुकसान धरलं तर २ तास ५० मिनिटं. ड्रीपर खरंच चार लिटर देतो का, हे ओळीच्या दोन्ही टोकांना बाटली लावून पाहा. माझ्या शेवटच्या ओळीत तीनच येत होतं.

पूर्ण एकराचं क्षेत्र धरलं असतं तर पाणी तिप्पट गेलं असतं. मी दुसरा मीटर ६० सेंटिमीटरवर ठेवलाय तो याचसाठी. पाणी दिल्यावर त्याचाही काटा धपकन खाली आला, तर पाणी मुळांच्या खाली चाललंय.

## ७. मीटरला न दिसणाऱ्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे भेगा. काळी जमीन ताणावर गेली की कपापासून सुटते आणि मीटर हवा घेतो. खरड छाटणीनंतरच्या उन्हात हे हटकून होतं. त्या दिवसांत मी मीटर काढून ठेवतो. बसवलेलाच असेल तर पाणी देऊन माती मिटल्यावर नळी पुन्हा भरतो.

दुसरी म्हणजे क्षार. टेन्शिओमीटरच्या कपातून मीठ आरपार जातं, त्यामुळे मिठाने धरलेलं पाणी त्याला कळत नाही, मुळाला मात्र कळतं. मातीतल्या पाण्याची क्षारता (ईसी) १ डेसिसायमन प्रति मीटर असेल तर सुमारे ३६ किलोपास्कल जादा ओढ लागते. क्षारता ३ असेल तर मीटर ४० दाखवत असताना मूळ दीडशेच्या जवळ झगडत असतं. चोपण जमीन किंवा मचूळ विहीर असेल तर पाणी लवकर द्या, आणि मीटरच्या आकड्याशेजारी वहीत क्षारताही लिहीत जा.

माझ्या मीटरच्या नळीवर आता लाल ऑइल पेंटने लिहिलंय: 'किलोपास्कल, वजा ४'. मोबाईलमध्ये एकक बदलून घेतलं तरी अप्पा अजून माती दाबून बघतात, आणि त्यांचा गोळा आणि माझा तेहतीस आजवर तरी जुळत आलेत.